दशांश, दशमान की द्विअंकी? 348 चे रूपांतर शिकवताना पडलेले प्रश्न

संगणक शिक्षिका

संगणकाच्या प्राथमिक वर्गात मी संख्यांचे रूपांतर मराठीतून शिकवते. आमच्या छापील टिपणांत एक प्रश्न असा आहे: ‘348 या दशांश संख्येचे द्विअंकी आणि षोडशमान संख्येत रूपांतर करा.’ या एकाच वाक्यावर मुले दोनदा अडखळतात. काही जण 348 मध्ये दशांशचिन्ह शोधत बसतात आणि ते छापायचे राहून गेले असावे असे समजतात, तर एका मुलीने मला विचारले की तीन अंकी संख्या दोन अंकी कशी करायची. पुढे रीत सांगताना ‘बाकी खालून वर लिहा’ एवढीच सूचना आहे, आणि तीही निम्मा वर्ग उलटी पाळतो. या ठिकाणी कोणते शब्द योग्य ठरतील?

कोशप्रेमी

‘दशांश’ शब्द मला चुकीचा वाटत नाही. ‘डेसिमल’ला शाळेपासून आपण दशांशच म्हणत आलो आहोत. ‘दशमान’ म्हटले की माझ्या पिढीला किलो, ग्रॅम आणि 1957 साली आलेले नवे पैसे आठवतात. तो शब्द मोजमापांचा आहे, संख्यालेखनाचा नाही. ‘द्विअंकी’चेही समर्थन करता येईल, कारण त्या पद्धतीत 0 आणि 1 हे दोनच अंक आहेत.

निवृत्त गणित प्राध्यापक

कोशप्रेमींचे म्हणणे अर्धे मान्य आहे. दशांश म्हणजे दहावा भाग; म्हणून दशांश अपूर्णांक आणि दशांशचिन्ह हे शब्द अगदी बरोबर आहेत. मात्र 348 मध्ये दहावा भाग कुठेच नाही. दहाच्या पटीने चढत जाणाऱ्या स्थानांवर लिहिलेली ती पूर्ण संख्या आहे, आणि ‘दशमान’ हा शब्द नेमके तेच सांगतो. मोजमापांनाही तो याच कारणाने मिळाला. ‘द्विअंकी’ला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण 10 ते 99 या संख्यांना द्विअंकी म्हणायचे हे मूल प्राथमिक शाळेतच शिकलेले असते आणि तो अर्थ पुसता येत नाही. दशमान, द्विमान, षोडशमान असे एकाच घडणीचे तीन शब्द वापरले, तर मॅडमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न उद्भवणारच नाही.

रीतीच्या सूचनेतही शब्दाचाच घोटाळा आहे. मराठीत ‘भागाकार’ हे क्रियेचेही नाव आहे आणि उत्तराचेही. म्हणून ‘भागाकार पुन्हा करा’ असे न म्हणता ‘आलेल्या उत्तराला पुन्हा 2 ने भागा आणि उत्तर 0 येईपर्यंत थांबू नका’ असे म्हणावे.

```
348 ÷ 2 = 174   बाकी 0
174 ÷ 2 =  87   बाकी 0
 87 ÷ 2 =  43   बाकी 1
 43 ÷ 2 =  21   बाकी 1
 21 ÷ 2 =  10   बाकी 1
 10 ÷ 2 =   5   बाकी 0
  5 ÷ 2 =   2   बाकी 1
  2 ÷ 2 =   1   बाकी 0
  1 ÷ 2 =   0   बाकी 1
```

उत्तर 101011100. पडताळा घ्यायचा तर 256 + 64 + 16 + 8 + 4 = 348. शेवटची ओळ पुष्कळ मुले सोडतात, कारण 1 ला 2 ने भागच जात नाही असे त्यांना वाटते. मग उरते 01011100, म्हणजे 92, आणि 256 ची सर्वांत मोठी रक्कमच हरवते.

‘खालून वर’ हे पाठ करून लक्षात राहत नाही. त्यामागचे कारण सांगावे लागते. 348 मधून दोन-दोनच्या जोड्या काढल्यावर जे उरले ते सुटे, म्हणजे एककस्थानचे. ते पहिल्याच ओळीत मिळते. म्हणून सूचना अशी द्यावी: ‘पहिली बाकी एककस्थानी लिहा आणि पुढची प्रत्येक बाकी तिच्या डावीकडे लिहा.’ वरून खाली वाचल्यास 001110101, म्हणजे 117 येतात. 348 सम आहे, तर शेवटचा अंक 0 च हवा. इथे तो 1 आहे. विषम संख्येच्या बाबतीत मात्र ही खूण कामी येत नाही, तिथे पडताळाच घ्यावा लागतो.

अक्षरजुळणीकार

मी छपाईच्या मजकुराचे काम करतो. तुमचा प्रश्न अक्षरांच्या संकेतांविषयी आहे असे समजून माझा अनुभव लिहितो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’चा क्रमांक 0933 दिला आहे. वेबपानावर मी तो `Υ` असा लिहिला, तर ‘ळ’च्या जागी Υ हे ग्रीक अक्षर उमटले. फाँटमध्येच दोष आहे असे मानून मी तीन-चार फाँट बदलून पाहिले. संकेत चुकला की फाँट, हे कसे ओळखावे?

निवृत्त गणित प्राध्यापक

मूळ प्रश्न हा नव्हता, तरी उदाहरण फार उपयोगी आहे. तक्त्यातील 0933 षोडशमानात आहे आणि `&#` नंतरची संख्या दशमान समजली जाते. दशमान 933 म्हणजे षोडशमान 3A5, आणि ते स्थान ग्रीक अक्षराचे आहे. आपण `ळ` किंवा `ळ` लिहा. फाँटमध्ये अक्षर नसते तर सहसा रिकामी चौकट दिसली असती. दुसरेच पण स्वच्छ अक्षर दिसले की संकेतावर संशय घ्यावा. म्हणूनच षोडशमान 933 ला ‘नऊशे तेहेतीस’ म्हणू नये, ‘नऊ तीन तीन’ असे सुटे वाचावे. शे आणि तेहेतीस हे शब्द दहाच्या पटींचे आहेत.

संगणक शिक्षिका

सर, शब्दांचे पटले; टिपणे त्याप्रमाणे बदलून घेते. षोडशमानात मात्र माझी मुले 348 ला 16 ने भागून 21 उत्तर आणि 12 बाकी काढतात, पुढे 1 आणि 5 काढतात, आणि शेवटी 1512 लिहितात. बाराच्या जागी C हे अक्षर का, हे त्यांच्या गळी उतरत नाही.

कोशप्रेमी

याचे उत्तर आपल्या जुन्या हिशेबात आहे. रुपयाचे आणे सोळा. 348 आणे म्हणजे 21 रुपये 12 आणे. आता रुपयांचेही सोळा-सोळाचे गठ्ठे बांधा: 1 गठ्ठा, 5 रुपये, 12 आणे. वहीत प्रत्येकाचा रकाना वेगळा असे, म्हणून बारा आणे दोन अंकांत लिहिले तरी चालत असे. रकाने पुसून टाकले की 1512 मधले कोणते अंक आण्यांचे हे कळणार नाही. बाराला एकच चिन्ह हवे. षोडशमानात ते C आहे, आणि उत्तर 15C.

‘दशमान’विषयीचा माझा आक्षेपही मी मागे घेतो. ‘द्विअंकी’ अजून पूर्ण सोडवत नाही, पण वर्गासाठी सरांचे म्हणणे ठीक आहे.

निवृत्त गणित प्राध्यापक

आण्यांचे उदाहरण मी शिकवताना कधी वापरले नाही, पण वापरायला हवे होते असे वाटते. मुले 1512 लिहितात तेव्हा षोडशमानात त्याचे मूल्य 5394 होते, एवढे दाखवले तरी चूक पटेल.

द्विमानावरून थेट षोडशमान काढताना उजवीकडून चार-चार अंक घ्यावेत: 1, 0101, 1100, म्हणजे 15C. डावीकडून घेतले तर 1010, 1110 आणि उरलेला 0, म्हणजे AE0. ते 2784 होतात, 348 च्या बरोबर आठपट, कारण शेवटच्या 0 ला न कळत आणखी तीन शून्ये जोडली गेली. अंकांची संख्या चारच्या पटीत असेल तर ही चूक दिसतच नाही, म्हणून सरावाला नऊ किंवा दहा अंकांची उदाहरणे द्यावीत.

संगणक शिक्षिका

या चार अंकांच्या गटाला काय म्हणावे?

अक्षरजुळणीकार

चौकडी म्हणा. `ळ` ने ‘ळ’ उमटला, आभार.

कोशप्रेमी

चौकडी म्हटले की चांडाळचौकडी आठवते. ‘चतुष्क’ नेमका आहे.

संगणक शिक्षिका

‘चतुष्क’ माझ्या मुलांना जड जाईल. तूर्त ‘चारचा गट’ असे लिहिते. याहून सोपा शब्द कोणी वापरत असेल तर जरूर कळवावा.