गच्चीचा कठडा: 9,200 विटा खरंच लागतील का?

सेक्रेटरी (ए-204): सगळ्यांना नमस्कार. गच्चीच्या पॅरापेटच्या मालाची यादी कंत्राटदाराकडून आली आहे. विटा 9,200 आणि कोपिंगचं, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराचं, काँक्रीट 1.04 घनमीटर. जुनी भिंत उतरवून झाली, नवे आरसीसी खांबही उभे राहिले, त्यामुळे उद्या ऑर्डर द्यायची आहे. कुणाला काही म्हणायचं असेल तर आजच सांगा.

खजिनदार (बी-103): विटा फार वाटतात. कसं काढलं ते दिलंय का त्यांनी?

सेक्रेटरी (ए-204): एकच ओळ आहे. 60 मीटर घेर, 1.265 उंची, 0.23 जाडी, म्हणजे 17.46 घनमीटर. त्याला एका विटेच्या आकारमानाने भागलंय.

काका (बी-501): ताई, ऑर्डर आज थांबवा. विटा बऱ्याच जास्त धरल्यात आणि काँक्रीट कमी. दुसरी चूक मला जास्त लागते. उरलेल्या विटा निदान दिसतात तरी, कोपिंगला माल कमी पडला तर पाणी आत शिरेपर्यंत कुणाला कळत नाही.

ए-603: काका, आमच्या बेडरूमच्या भिंतीला जी ओल यायची ती तिथूनच ना?

काका (बी-501): हो ताई, त्यावर येतो. आधी विटा. सी-302, तू काल मापं घेतलीस ना? टाक इथे.

सी-302: हो काका. बाहेरून बाहेर 18.00 बाय 12.00 मीटर. भिंत 23 सेंटीमीटर. लांब बाजूच्या मध्यावर जिन्याची खोली कडेलाच आहे, तिची भिंत 4.20 मीटर. खांब 19, सगळे 23 बाय 23, त्यातले चार कोपऱ्यांवर. आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे दहा विटा टोकाला टोक लावून मोजल्या, 2.30 मीटर भरल्या. रुंदी 11 सेंटीमीटर, उंची साडेसात.

काका (बी-501): उत्तम. दहा विटा मोजायचं कारण, भट्टीतून निघालेली एकेक वीट थोडी कमीजास्त असते. एकाच विटेचं माप धरलं तर ती चूक हजारो विटांत पसरते.

आता घेर. 60 मीटर हा बाहेरच्या कडेचा घेर झाला. भिंतीला जाडी आहे, त्यामुळे आतल्या कडेचा घेर कमी भरतो. मोजायची असते ती जाडीच्या मधोमध जाणारी रेषा, नाहीतर प्रत्येक कोपरा दोनदा धरला जातो. चार कोपऱ्यांचे 4 गुणिले 0.23, म्हणजे 0.92 मीटर वजा. राहिले 59.08. जिन्याच्या खोलीपाशी कठडा नाहीच, तिची स्वतःची भिंत आहे. ते 4.20 गेले की 54.88. हा आकडा लिहून ठेव, कोपिंगलाही तोच लागणार आहे.

सी-302: आणि खांब?

काका (बी-501): खांबाच्या जागी वीट येत नाही. 19 गुणिले 0.23 म्हणजे 4.37 मीटर. विटांसाठी लांबी उरली 50.51 मीटर. कोपिंग मात्र खांबांवरून सलग जातं, म्हणून तिथे खांब वजा करायचे नाहीत.

खजिनदार (बी-103): काका, उंची 1.265 कशी आली? आपण मीटिंगमध्ये 1.10 ठरवली होती.

काका (बी-501): 1.10 ही तयार गच्चीवरून, म्हणजे माणूस जिथे उभा राहतो तिथून. भिंत सुरू होते स्लॅबवरून, आणि कडेला वॉटरप्रूफिंगचा थर 12 सेंटीमीटर येणार आहे. म्हणजे स्लॅबपासून किमान 1.22 हवी. ही गोष्ट विसरली की कठडा कागदावर पुरेसा दिसतो आणि लादीचं काम झाल्यावर कमरेखाली येतो. लहान मुलं वर खेळतात, इथे तडजोड नको.

आता गवंडी 1.22 अशी उंची लावत नाही, तो थर लावतो. वीट साडेसात आणि खालचा सांधा एक, म्हणजे एक थर साडेआठ सेंटीमीटरचा. 13 थरांचे 1.105 होतात. वर कोपिंग आतल्या कडेला साडेसात सेंटीमीटर, एकूण 1.18. कमी पडतं. 14 थर घेतले तर वीटकाम 1.19, कोपिंगसकट 1.265. त्यातून 12 गेले की तयार गच्चीवरून 1.145 मिळतात. म्हणून 14 थर. कंत्राटदाराची 1.265 बरोबर आहे, पण त्यात कोपिंगची उंचीही आहे आणि त्यांनी तिथेही विटाच मोजल्यात.

सी-302: मग 50.51 गुणिले 1.19 गुणिले 0.23 करून विटेने भागू?

काका (बी-501): तीच तर मोठी चूक. नुसत्या विटेच्या आकारमानाने भागलं की भिंतीत मालाचे सांधेच नाहीत असं धरलं जातं. 9,200 त्यातूनच आलेत. आणि सांध्यासकट आकारमान धरायचं म्हणून विटेच्या तिन्ही मापांत एकेक सेंटीमीटर वाढवला, तर उलट कमी येतात. 23 च्या भिंतीत जाडीच्या दिशेने दोन विटा आणि मध्ये एकच सांधा असतो, 11 अधिक 1 अधिक 11. बाहेरच्या तोंडावर सांधा नाही. पण तो हिशोब भिंत 24 ची समजतो.

त्यापेक्षा थर मोजावा. लांबीत एक वीट आणि सांधा मिळून 24 सेंटीमीटर. 50.51 भागिले 0.24, म्हणजे 210.5. जाडीत दोन ओळी, म्हणून एका थरात 421. गुणिले 14, साधारण 5,893.

खजिनदार (बी-103): पण गवंडी एक थर लांबीने लावतो आणि पुढच्या थरात विटेचं डोकं बाहेर काढतो. मग दोन्ही थर वेगळे मोजायला नकोत?

काका (बी-501): चांगला प्रश्न. लांबीने लावल्या तर 24 सेंटीमीटरमध्ये दोन ओळींच्या दोन विटा. डोकं बाहेर काढून लावल्या तर प्रत्येक वीट 11 अधिक 1, म्हणजे 12 सेंटीमीटर जागा घेते, 24 मध्ये पुन्हा दोनच. त्यामुळे संख्या बदलत नाही. बदलते ती तुटफूट, कारण सांधमोड साधायला, म्हणजे उभा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ नये म्हणून, टोकाला तुकडे करावे लागतात. त्यासाठी आणि उतरवताना फुटणाऱ्यांसाठी पाच टक्के धरू. 6,190 होतात, 6,200 मागवा.

सेक्रेटरी (ए-204): बापरे. तीन हजारांचा फरक!

सी-302: मी उलटं जुळवून पाहिलं. 9,200 मधून सांधे न धरल्यामुळे 1,759, कोपिंगच्या उंचीचे 441, कोपरे आणि जिन्याच्या खोलीचे 597, खांबांचे 510. वजा केले की बरोबर 5,893 उरतात.

काका (बी-501): शाबास. हे असंच कंत्राटदाराला पाठव. त्यांनाही बोलायला सोपं जाईल.

ए-603: काका, आता कोपिंगचं सांगा.

काका (बी-501): हो. त्यांनी 60 गुणिले 0.23 गुणिले 0.075 केलंय. म्हणजे कोपिंग भिंतीइतकंच रुंद आणि वरून सपाट. तसं केलं तर पावसाचं पाणी कोपिंगच्या कडेवरून थेट प्लॅस्टरवर उतरतं. तुमच्या जुन्या कठड्याला हेच झालं होतं. वरच्या भेगेतून पाणी विटांत आणि तिथून खाली तुमच्या भिंतीत.

कोपिंग दोन्ही बाजूंनी पाच सेंटीमीटर बाहेर हवं आणि हे पाच प्लॅस्टरच्या पुढे मोजायचे. बऱ्याच ठिकाणी ते विटेपासून मोजतात. मग बाहेरून दोन सेंटीमीटर प्लॅस्टर चढलं की बाहेर राहतात तीन, आणि खालच्या अंगाला पाणतोडीची खाच करायला जागाच उरत नाही. ती खाच नसली तर पाण्याचा थेंब काँक्रीटच्या खालच्या पृष्ठाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतो. कडेपासून दोन सेंटीमीटर आत बोटभर खाच असली की थेंब तिथेच तुटून खाली पडतो. साच्यात गोल पट्टी ठेवूनच ती काढायची, नंतर छिन्नीने खोदायला गेलं की कड तुटते.

तर रुंदी: विटा 23, बाहेरचं प्लॅस्टर 2, आतलं दीड, आणि पाच-पाच दोन्हीकडे. 36.5 सेंटीमीटर.

सी-302: जाडी?

काका (बी-501): आतल्या कडेला साडेसात, बाहेरच्या कडेला दहा. उतार गच्चीकडे, म्हणजे वरची धूळ घेऊन पाणी गच्चीवर येईल आणि बाहेरच्या रंगावर काळे ओघळ पडणार नाहीत. सरासरी 8.75. आता 54.88 गुणिले 0.365 गुणिले 0.0875.

सी-302: 1.75 घनमीटर.

काका (बी-501): पाच टक्के वाढवून 1.84. त्यांच्या यादीत 1.04 आहे, म्हणजे निम्म्याच्या थोडं वर. तेवढा माल आणला तर साठ टक्के लांबी होण्याआधीच संपेल. मग दुसऱ्या दिवशी जुन्या काँक्रीटला नवं जोडतात, आणि तो जोड पहिल्याच पावसात पाणी ओढतो. सांधा द्यायचा तर आपण ठरवलेल्या जागी, खांबाच्या मध्यावर, आणि तो नीट भरून घ्यायचा. माल संपला म्हणून मध्येच कुठेतरी सांधा येता कामा नये.

खजिनदार (बी-103): सिमेंट किती लागेल? साइटवरच कालवणार आहेत.

काका (बी-501): एम-20 धरू. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, सगळं मिळून साडेपाच भाग. कोरडा माल ओल्यापेक्षा जास्त लागतो, कारण खडीमधल्या पोकळ्या वाळू-सिमेंटने भरतात. म्हणून 1.84 ला 1.54 ने गुणायचं, 2.83 घनमीटर. त्याचा साडेपाचवा भाग सिमेंट, 0.515 घनमीटर. घनमीटरला 1,440 किलो धरले तर 742 किलो, म्हणजे 50 किलोच्या 15 गोण्या. वाळू 0.77 आणि खडी 1.55 घनमीटर. खडी बारीक, 10-12 मिलिमीटरची मागवा. पातळ कोपिंगमध्ये सळया आणि साच्याची कड यांच्यामध्ये मोठी खडी अडकते आणि खाली पोकळ जागा राहते.

ए-603: विटांच्या आकड्याची खात्री ऑर्डरआधी करता येईल का? माझा विश्वास आहे काका, पण कंत्राटदार मानायला हवा.

काका (बी-501): येईल की. छोट्या बाजूला एका ठिकाणी दोन खांबांचं मध्य ते मध्य अंतर बरोबर तीन मीटर आहे, म्हणजे त्यांच्यामधली मोकळी जागा 2.77. सी-302, गवंड्याला घेऊन जा आणि तिथे एक थर कोरडाच मांडा, सांध्यासाठी एकेक सेंटीमीटर फट सोडून. प्रत्येक ओळीत साडेअकरा विटा बसल्या पाहिजेत, दोन ओळींत 23. कडेचा तात्पुरता लोखंडी कठडा काढू नका आणि आतल्या बाजूलाच उभे राहा.

सेक्रेटरी (ए-204): ठीक. मग तोपर्यंत ऑर्डर थांबवते.

सी-302: काका, आत्ताच वरून आलो. कंत्राटदारही होते. ओळीत अकरा अख्ख्या आणि एक अर्धी, दोन्ही ओळी मिळून 23. त्यांनी स्वतः मोजल्या आणि यादी बदलून देतो म्हणाले. पाणतोडीसाठी साच्यात पट्टी ठेवायचीही त्यांनी लिहून घेतली.

सेक्रेटरी (ए-204): नवी यादी: विटा 6,200, कोपिंगचं काँक्रीट 1.84 घनमीटर, सिमेंट 15 गोण्या. सांध्यांच्या मालाचं सिमेंट यात नाही, ते त्यांच्याकडून वेगळं लिहून घेते.