मदत हवी आहे: ऑडिशनच्या व्हिडिओसाठी स्वगत, फोनची वाट पाहणारी आई

करी_रोडची_मीना
नमस्कार मंडळी. दादरच्या एका नाट्यकार्यशाळेसाठी व्हिडिओ पाठवायचा आहे. स्वगत स्वतः लिहिलेलं हवं, दोन मिनिटांच्या आत, मोबाइल आडवा ठेवून, एकाच टेकमध्ये. मध्ये कापाकापी चालणार नाही. आधी नाव, वय, उंची सांगायची आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा. मुदत रविवार रात्रीपर्यंत.

माझी आई लालबागच्या चाळीत राहते. मुलगा मर्चंट नेव्हीत. त्याचं जहाज तांबड्या समुद्रातून जाणार आणि तीन दिवस काही खबर नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये जहाजाची खूणही जिथल्या तिथे. ती फोनची वाट बघतेय आणि शेवटी फोन येतो. मधला भाग देते:

"किती वाजले? साडेनऊ. अजून फोन नाही. लहान होता तेव्हा शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझा जीव वर-खाली व्हायचा. ... (फोन वाजतो) हॅलो! कोण, राजू? काय म्हणालास? इंजिन बंद पडलं होतं? कुठे? एडनजवळ? आणि आता? आता सुरू झालं? देवा, पावलास रे बाबा!"

वाचायला साडेतीन मिनिटं लागतात. मैत्रीण म्हणते रडू येतं, मिस्टर म्हणतात रेडिओवरचं नाटक वाटतं. काय करू?

तेजस_फ्रेम
ताई, स्क्रिप्ट ठीक आहे, पण सेल्फ-टेपमध्ये सगळं डोळ्यांवर असतं. लेन्समध्ये थेट बघून बोला, बघणाऱ्याला भिडतं. मागे साधी भिंत ठेवा, उजेड समोरून घ्या, खिडकीकडे तोंड करून बसा. बाकी आपोआप जमेल.

मालती_काकू_गिरगाव
अगं मीना, तीन दिवस झाले म्हणतेस आणि इथे काय लिहीत बसलीस? कंपनीच्या ऑफिसला फोन केलास का? कांजूरमार्गला डी.जी. शिपिंगचं ऑफिस आहे, तिथे जा सरळ. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही तेच केलं होतं. मुलाचं नाव आणि जहाजाचं नाव लिहून ने बरोबर.

करी_रोडची_मीना
काकू, मुलगा खरा नाही हो. नाटकातला आहे. मला एक मुलगी आहे आणि ती आत्ता माझ्या शेजारी बसून हसतेय.

विंगेतून
मीनाताई, मी गेली बरीच वर्षं एकांकिका बसवतोय, अशा निवडीचे व्हिडिओही बघावे लागतात. मिस्टर बरोबर बोलताहेत.

पहिली अडचण फोनवरच्या संभाषणाची. "काय म्हणालास? इंजिन बंद पडलं होतं?" ही वाक्यं आई बोलत नाही, तुम्ही आम्हाला माहिती पुरवताय. फोनवर कुणी समोरच्याचं वाक्य परत म्हणून दाखवत नाही. शिवाय उपग्रहावरून येणाऱ्या फोनवर आवाज पोहोचून परत यायला बरेचदा अर्धा सेकंद जातो, दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. अशी टकाटक प्रश्नोत्तरं तिथे होतच नाहीत.

दुसरी अडचण मोठी आहे. वाट बघणं ही करायची गोष्ट नाही, ती नुसती अवस्था. नट अवस्था 'करायला' गेला की सुस्कारे टाकतो, घड्याळ बघतो, पदर चुरगाळतो. तुमच्या आईला त्या दोन मिनिटांत कुणाकडून तरी काहीतरी हवं असलं पाहिजे. खोलीत दुसरं कोण आहे? ती बोलतेय कुणाशी? आत्ता ती भिंतीशी बोलतेय. ते ठरलं की शाळेतला उशीर आपोआप गळून पडेल, आणि तो गळलेलाच बरा. फोनची वाट बघणारी प्रत्येक आई मुलाच्या लहानपणात शिरते. दिवसभरात असे दहा व्हिडिओ बघणाऱ्याला तिथे जांभई येते.

तेजस, लेन्सचं तुझं अर्धंच बरोबर आहे. नाव-उंची सांगताना लेन्समध्ये बघायचं. स्वगतात ज्याच्याशी बोलायचं ते माणूस लेन्सच्या अगदी बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. नाहीतर निवडणाऱ्यालाच वाटतं की ही बाई माझ्याकडे मुलगा मागतेय.

तेजस_फ्रेम
पण पात्र प्रेक्षकांशीच बोलत असेल तर? तेव्हा लेन्सच ना?

विंगेतून
तेव्हा हो. हे पात्र तसं नाही.

बंदरावरची
मी हा धागा वेगळ्या कारणाने वाचतेय, माझा नवरा सेकंड इंजिनिअर आहे. थोडं खरं-खोटं सांगते. आजकाल बहुतेक जहाजांवर वायफाय असतं, रोजचं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं. पण डेटा मोजून मिळतो, आणि धोक्याच्या भागात कंपनी कधी कधी नेट बंद ठेवते. जहाज कुठे आहे ते सांगणारा सिग्नलही तिथे बंद ठेवतात, म्हणून ॲपवर खूण हलत नाही. बुडालं म्हणून नव्हे! सुरुवातीला मला हे माहीत नव्हतं, आणि त्या खुणेकडे बघत रात्र काढली होती. अशा वेळी ब्रिजवरच्या सॅटेलाइट फोनवरून एखादा कॉल करू दिला तर करू देतात. एकच, तोही आटोपता.

आणि खरी गंमत पुढे आहे. तो एक कॉल कुणाला येणार? मी आणि सासूबाई, दोघींचे फोन टेबलावर शेजारी शेजारी. दोघी म्हणायच्या, "कुणाला का येईना." आणि दोघी खोटं बोलत असायच्या.

विंगेतून
मीनाताई, तुमचं स्वगत हे आहे. समोर सून बसवा. आईला फोन आपल्याच नंबरवर यायला हवा आहे आणि ते तिला तोंडाने म्हणता येत नाही. आता ती जे काही बोलेल त्याला खालून धार आहे.

आप्पा_ठाणे
जहाजावरून आलेला फोन +८७० नेच सुरू होतो, तो नंबर स्क्रिप्टमध्ये टाका, अस्सल वाटेल.

बंदरावरची
आप्पा, +८७० इन्मारसॅटचा. इरिडियमचा फोन असेल तर +८८१ दिसतो. व्हॉट्सॲपवर आला तर त्याचाच नेहमीचा नंबर. 'च' तेवढा काढा. पण नंबरवरून एक आठवलं: अनोळखी परदेशी नंबर उचलू नका म्हणून आम्हीच सासूबाईंना बजावून ठेवलं होतं, त्या फसवणुकीच्या फोनांमुळे. मग ह्याचा फोन त्यांनी दोनदा कापला.

करी_रोडची_मीना
रात्री बसून परत लिहिलं. सून श्वेता समोर आहे.

"तू जेवून घे. मी आहे इथे. ... मला नको, मी मघाशी पाव खाल्ला. एकच करू देतात ना गं फोन? म्हणजे मिळालाच तर एक. बरं. तुझाच नंबर पाठ असेल त्याला. माझा कुठला, माझा गणपतीत बदलला. लिहून दिला होता तसा. माझ्यासमोर पाकिटात ठेवला त्यानं. ... तुझा चार्ज आहे ना? बघ एकदा. (स्वतःचा वाजतो, झडप घालते) हॅलो! ... नको. कर्ज नको हो. ठेवा. लाइन अडवू नका, ठेवा! ... तुला आला तरी मला चालेल. खरंच. आवाज ऐकला की झालं. स्पीकरवर टाक म्हणजे... नको, नको. तुमचं काही बोलायचं असेल. मी आत जाते, कुकर लावायचाच आहे. (उठत नाही. श्वेताचा थरथरतो.) तुझा. ... आठशे सत्तर आहे? मग बघत काय बसलीस, उचल! मी काही विचारणार नाही. ... जेवला का, एवढंच विचार."

घड्याळ लावून वाचलं, पावणेदोन मिनिटं. कर्जवाल्याचा फोन हा आमच्या घरचा रोजचा अनुभव.

विंगेतून
आता नाटक आलं. कर्जवाला ठेवाच. तो आला की फोन कुणाचा वाजणार हा खेळ एकदा खोटा होतो, मग दुसऱ्यांदा वाजल्यावर आम्ही सावध असतो. "नको, नको" नंतर लगेच पुढे जाऊ नका, तिथे तिला स्वतःचं बोलणं ऐकू येतंय.

शेवटचं वाक्य मात्र काढा. 'जेवला का' म्हणणारी आई सगळ्यांनी पाहिली आहे. "मी काही विचारणार नाही" इथे थांबा.

आता चित्रीकरण. श्वेता लेन्सच्या उजवीकडे, स्टँडला लागून. दोन्ही फोन मांडीवर किंवा खालच्या टेबलावर ठेवू नका. तुम्ही खाली बघितलंत की कॅमेऱ्याला फक्त पापण्या दिसतात, आणि या स्वगतातली निम्मी गंमत फोनकडे जाणाऱ्या नजरेत आहे. लेन्सच्या थोडं खाली, छातीच्या उंचीवर काहीतरी रचून फोनची जागा करा आणि नजर तिथे न्या. फोन फ्रेममध्ये दिसायची गरज नाही. झडप घालताना हात फ्रेमच्या बाहेर जाऊन फोन घेऊन कानाशी येतो, तेवढं पुरे. घड्याळ, दरवाजा वगैरे तिसरी जागा नको, डोळे भिरभिरतात.

करी_रोडची_मीना
रिंग खरी वाजवू का? मुलगी पलंगावर बसून कॉल देईल.

विंगेतून
कर्जवाल्याची खरी वाजवा, मुलीला ओळ नीट सांगून ठेवा. श्वेताच्या फोनची थरथर मात्र वाजवू नका. तो आवाज टेपमध्ये गुरगुरल्यासारखा येतो, त्यापेक्षा तुमच्या चेहऱ्यावरून कळू द्या. आणि ज्या मोबाइलवर शूट करताय तो फ्लाइट मोडवर टाका. बऱ्याच फोनवर कॉल आला की रेकॉर्डिंग थांबतं. वाट बघणाऱ्या आईचा टेक तिच्या नणंदेच्या फोनने बंद पडलेला मी पाहिला आहे.

तेजस_फ्रेम
पंखाही बंद ठेवा ताई. घरघर आवाजाखाली बसते, मग काढता येत नाही. लोकल गेली तर घाबरू नका, मध्ये थांबायचं, लालबागच्या आईलाही ती ऐकू येतेच.

बंदरावरची
विंगेतून दादा, 'जेवला का'बद्दल मला पटत नाही. आमच्या सासूबाई शेवटी तेच म्हणाल्या होत्या आणि मला फोन त्यांच्या हातात द्यावा लागला. ते लाडाने म्हटलेलं नव्हतं, फोन मागायची ती रीत होती.

विंगेतून
असं म्हटलं तर चालेल. पण मग बघणाऱ्याला ते लाडाचं वाटू नये याची जबाबदारी मीनाताईंवर. दोन्ही टेक करून बघा.

मालती_काकू_गिरगाव
वाचलं सगळं. सून फोन देईल की नाही ते कुठे कळलं?

करी_रोडची_मीना
काकू, ते मलाही अजून ठरवता आलेलं नाही. शनिवारी दुपारी दोन्ही शेवट रेकॉर्ड करते. एकच पाठवायचा आहे, तेव्हा 'जेवला का' हवं की नको ते अजून कुणी सांगितलं तर बरं होईल.