मदत हवी आहे: स्टॅटिन चालू असून ट्रायग्लिसराइड २७४. आयकोसापेंट इथाइलऐवजी दुकानातलं फिश ऑइल चालेल का?

खानापूरवाला

नमस्कार मंडळी. अप्पांसाठी विचारतोय. वय ६३, गाव खानापूर तालुक्यात. काही वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय, साखरेचा त्रास त्याआधीपासून. ॲटोरवास्टॅटिन ४०, ॲस्पिरिन आणि मेटफॉर्मिन रोज न चुकता घेतात. आताच्या रिपोर्टात एलडीएल ६८ आलं, डॉक्टर त्यावर खूश. पण ट्रायग्लिसराइड २७४ आणि एचबीए१सी ८.४. बेळगावच्या डॉक्टरांनी आयकोसापेंट इथाइल लिहून दिलं, २ ग्रॅम सकाळी, २ ग्रॅम रात्री, जेवणाबरोबर.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "ते ओमेगा थ्रीच हो, हे घ्या, स्वस्तात पडतंय." बाटली घेऊन आलोय, अजून फोडलेली नाही.

दोन प्रश्न आहेत. हे दोन्ही एकच का? आणि एलडीएल चांगलं असताना या गोळीनं हार्ट अटॅक खरंच टळतो, की नुसता रिपोर्ट सुधारतो? शिवाय अप्पा माळकरी. माशाचं तेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बायको म्हणते, जवसाची चटणी वाढवूया, ओमेगा तेच.

निपाणीचा मेडिकलवाला

माझंही दुकान आहे म्हणून सांगतो. आयकोसापेंट इथाइल म्हणजे शुद्ध केलेलं ईपीए, ओमेगा थ्रीचाच एक प्रकार, आणि ओमेगा थ्रीच्या कॅप्सूलमध्येही ईपीए असतंच. त्यामुळं दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही. डोस वाढवून दिला की ट्रायग्लिसराइड खाली येतंय, अनुभव आहे. आणि ट्रायग्लिसराइड खाली आलं की अटॅकचा धोका कमी, हे तर सरळच आहे.

चिकोडीचा बाळू

माझं ट्रायग्लिसराइड ११०० च्या वर गेलतं. पोटात असं दुखायला लागलं की रात्रीच ॲडमिट केलं, स्वादुपिंडाला सूज म्हणाले. मला फेनोफायब्रेट दिलं, पिणं बंद केलं, आता २०० च्या आत आहे. तुमच्या अप्पांनाही तेच द्यायला सांगा, फिश ऑइलच्या नादाला लागू नका.

डॉ. घाटमाथा

मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट रोज बघतो.

बाळूअण्णा, तुमचं दुखणं वेगळं. ५०० च्या वर, त्यातही हजाराच्या पुढं गेलं की भीती स्वादुपिंडाची असते आणि तिथं आकडा खाली आणणं हाच उपचार. अप्पांचं २७४ आहे. त्यांच्या पोटाला धोका नाही, प्रश्न हृदयाचा आहे.

मेडिकलवाले, तुमचं पहिलं वाक्य बरोबर, शेवटचं नाही. स्टॅटिनवर असलेल्या माणसाचं ट्रायग्लिसराइड खाली आणलं की अटॅक आपोआप कमी होतात, असं दिसलेलं नाही. २०२२ साली प्रॉमिनंट नावाचा अभ्यास आला. फेनोफायब्रेटच्याच जातीच्या पेमाफायब्रेट या औषधानं मधुमेही लोकांचं ट्रायग्लिसराइड पाव हिश्शानं उतरलं, पण अटॅक, स्ट्रोक, मृत्यू जेवढे होते तेवढेच राहिले. म्हणून अप्पांना फेनोफायब्रेट देऊन रिपोर्ट छान दिसेल, एवढंच.

आयकोसापेंटचं वेगळेपण हे की त्याच्या अभ्यासात घटनाच कमी झाल्या. रिड्यूस-इट, २०१९ साली छापून आला. ८,१७९ लोक, ११ देश, त्यात भारतही. सगळे स्टॅटिनवर, एलडीएल साधारण आटोक्यात, ट्रायग्लिसराइड १३५ ते ४९९. म्हणजे अप्पा त्यात नेमके बसतात. सुमारे पाच वर्षांत आत औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्या शंभरातल्या २२ जणांना अटॅक, स्ट्रोक, हृदयविकारानं मृत्यू, पुन्हा स्टेंट किंवा बायपास, नाहीतर छातीदुखीनं ॲडमिट होणं यापैकी काहीतरी झालं. औषध घेणाऱ्यांत १७ जणांना. पाच माणसं वाचली असं म्हणता येणार नाही, कारण यात सगळ्या प्रकारच्या घटना आहेत, पण फरक लहान नाही. गंमत म्हणजे ज्यांचं ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली आलं आणि ज्यांचं आलं नाही, दोघांनाही जवळपास सारखाच फायदा झाला. त्यामुळं दर महिन्याला रक्त तपासून "गोळी लागू पडली का" बघत बसायची गरज नाही.

आता तुमची बाटली. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचा आणि इथं टाका. "१००० मि.ग्रॅ. फिश ऑइल" हा आकडा सोडून द्या. ईपीए किती आणि डीएचए किती, तेवढंच सांगा.

खानापूरवाला

डॉक्टर, वाचलं. एका कॅप्सूलमध्ये ईपीए १८० मि.ग्रॅ., डीएचए १२० मि.ग्रॅ.

डॉ. घाटमाथा

अपेक्षित होतं, बहुतेक बाटल्या अशाच असतात. अप्पांना दिवसाला ४ ग्रॅम, तेही जवळजवळ निव्वळ ईपीए, लिहून दिलंय. १८० नं भागा, दिवसाला वीसच्या वर कॅप्सूल होतील. दोन किंवा चार घेतल्या तर पाऊण ग्रॅमसुद्धा ईपीए पोटात जात नाही. आणि वीस घेतल्याच तर सोबत सव्वादोन-अडीच ग्रॅम डीएचए जाईल, जे अभ्यासातल्या गोळीत नव्हतंच.

"मग जाऊ दे की डीएचए, तेही ओमेगाच" असं कुणी म्हणेल, म्हणून पुढचं सांगतो. स्ट्रेंग्थ नावाचा दुसरा मोठा अभ्यास, १३,०७८ लोक, २०२० साली आला. त्यात ईपीए आणि डीएचए एकत्र, तेही ४ ग्रॅम, तेही औषध म्हणून बनवलेलं. ट्रायग्लिसराइड जवळपास तितकंच उतरलं. हृदयाच्या घटनांत मात्र फरक शून्य, अभ्यास मध्येच थांबवला. औषधाच्या दर्जाचं मिश्रण जिथं नापास झालं, तिथं बाटलीतल्या चार कॅप्सूलवर मी भरवसा ठेवणार नाही.

रिकामटेकडा_शास्त्री

डॉक्टरांनी स्ट्रेंग्थ सांगितला, पण त्याचा दुसरा अर्थही सांगायला हवा होता. रिड्यूस-इटमध्ये नकली गोळीत मिनरल ऑइल भरलेलं होतं. त्या गटाचं एलडीएल सुमारे १० टक्क्यांनी वाढलं, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपीही वाढला. स्ट्रेंग्थमध्ये मक्याचं तेल होतं, तिथं असलं काही झालं नाही आणि फरकही दिसला नाही. म्हणजे औषधानं लोक सुधारले की मिनरल ऑइलनं दुसरे बिघडले? रिड्यूस-इटनं जाहीर केलेला २५ टक्के घटीचा आकडा मला पचत नाही.

डॉ. घाटमाथा

शास्त्रीबुवा, आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. पण हिशेब करून बघा. एलडीएल ७५ च्या आसपास होतं, त्याचे १० टक्के म्हणजे सात-आठ. एवढ्या वाढीनं घटना थोड्या वाढतील, पण २५ टक्क्यांचा सगळा फरक त्यातून निघत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीसमोर २०१९ च्या नोव्हेंबरात हाच वाद झाला आणि १६ विरुद्ध ० मतांनी औषधाच्या बाजूनं कौल गेला. शिवाय जपानचा जेलिस हा अभ्यास आहे, २००७ चा. त्यात नकली तेल नव्हतंच, स्टॅटिनवर ईपीए १.८ ग्रॅम दिलं आणि घटना १९ टक्क्यांनी कमी झाल्या. अर्थात तिथं कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, ही त्याची लंगडी बाजू.

माझं मत विचाराल तर फायदा आहे, पण पुरता २५ टक्के असेलच असं नाही.

रिकामटेकडा_शास्त्री

जेलिसमध्ये जपानी लोक, आधीच मासे भरपूर खाणारे. मला अजून एक अभ्यास हवा, साध्या नकली गोळीसकट. तो होईपर्यंत मी "कदाचित" याच्या पुढं जाणार नाही.

कडोलीची वहिनी

मध्येच विचारते. माझ्या मिस्टरांनाही साखर आहे, ट्रायग्लिसराइड २१०, पण हृदयाचं काही नाही. त्यांनाही सुरू करावं का? आणि खानापूरवाले, आमच्याकडंही माळ आहे म्हणून सांगते, जवस बंद करू नका हं.

डॉ. घाटमाथा

वहिनी, जवस खा, खुशाल खा, भाकरीबरोबर चांगलंच लागतं. पण जवसात ईपीए नसतं, एएलए नावाचं वेगळं ओमेगा असतं, आणि आपलं शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं. चार ग्रॅम ईपीएची जागा चटणी घेऊ शकत नाही. शेवाळापासूनच्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात, पण त्यांत बहुधा डीएचएच जास्त, आणि त्यांनी अटॅक कमी होतात असा पुरावा नाही.

माळेबद्दल लपवाछपवी नको. ही गोळी माशापासूनच बनते, कवच जिलेटिनचं. अप्पांना आधी स्पष्ट सांगा. नको म्हणाले तर तो त्यांचा निर्णय, आणि तो घेऊनही बाकी पुष्कळ करता येतं.

तुमच्या मिस्टरांसारखे लोकही रिड्यूस-इटमध्ये होते, मधुमेह पण हृदयविकार नाही असे. त्यांच्यात फायदा बराच कमी दिसला, ठामपणे सांगता येईल इतका नव्हता. ब्रिटनमध्ये तर हे औषध आधीच हृदयविकार झालेल्यांनाच देतात. तेव्हा मिस्टरांची आधी साखर बघा.

खानापूरवाला

खूप आभार. एक राहिलं. दिवाळीच्या सुमारास अप्पांना रात्री छातीत धडधड व्हायची, नाडी मध्येच चुकल्यासारखी लागायची. ईसीजी काढला तोवर थांबलं होतं, नॉर्मल आला. हे बेळगावच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगायला हवं का?

डॉ. घाटमाथा

हवंच, आणि गोळी सुरू करण्याआधी. या औषधाचा खरा तोटा तोच आहे. रिड्यूस-इटमध्ये एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी ॲडमिट होणारे औषधाच्या गटात ३.१ टक्के होते, दुसऱ्या गटात २.१. नाडी अनियमित पळायला लागली की स्ट्रोकची भीती वाढते, मग रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं. अप्पांची धडधड तीच होती का हे एका ईसीजीवर कळणार नाही. २४ तास ईसीजी नोंदवत राहणारा होल्टर लावावा का, हे डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन चालू आहे, तेव्हा हिरड्यांतून रक्त, काळी शौच असलं काही दिसलं तर लगेच कळवा.

आणि एचबीए१सी ८.४ आहे ना? साखर मोकाट असली की ट्रायग्लिसराइड चढतंच. थायरॉइड तपासलंय का? रक्त उपाशीपोटी दिलं होतं, की बेळगावला उतरल्यावर चहा-कुंदा झाल्यावर? हे विचारतो कारण साखर आटोक्यात आली की २७४ चं १६० झालेलं मी बघितलंय.

खानापूरवाला

थायरॉइड नाही तपासलेलं. रक्त घरून निघताना चहा घेऊन दिलं होतं, दूध-साखरेचा. बाटली परत देऊन येतो. पुन्हा उपाशीपोटी लिपिड, टीएसएच आणि होल्टरचं विचारून सोमवारी इथंच लिहितो. अप्पांना माशाचं सांगायचं काम आईवर सोपवलंय.

निपाणीचा मेडिकलवाला

बाटली सील असेल तर परत घेतील, बिल सोबत न्या. बाकी डीएचएमुळं ईपीएचा गुण जातो, हे मात्र मला अजून पटलेलं नाही. स्ट्रेंग्थमध्ये रक्तात ईपीए किती चढलं होतं, कुणाला माहीत आहे का?

रिकामटेकडा_शास्त्री

चढलं होतं, पण रिड्यूस-इटएवढं नाही. म्हणून कुणी म्हणतं डोस कमी पडला, कुणी म्हणतं डीएचए आड आलं, आणि माझ्यासारखे म्हणतात मिनरल ऑइल. तिघांपैकी कोण बरोबर, ते या दोन अभ्यासांतून निघत नाही.