मदत हवी आहे: खरबुजाच्या खोडाला डिंक, काकडीच्या फळालाही डिंक. रोग एकच की दोन?

चिकोडीचा_मळेवाला:
नमस्कार मंडळी. 20 गुंठ्यांत निम्मी काकडी, निम्मं खरबूज. मल्चिंग आणि ठिबक आहे. लावून दोन महिने होत आले. गेल्या आठवड्यात दोन रात्री वळीव पडला आणि तिथून बिघडलं. चार फोटो टाकलेत. पहिल्यात खरबुजाचं बुड फाटून तांबूस डिंक आलाय. दुसऱ्यात काकडीच्या पानावर पांढरी भुकटी आहे. तिसऱ्यात कोवळी काकडी वाकडी झालीय, वाकलेल्या जागी डिंकाचा थेंब. चौथा वेल दुपारी मान टाकतोय. दुकानदार म्हणाला, सगळा डिंक्याच, आणि एक बुरशीनाशक व गंधक हातात दिलं. अजून मारलेलं नाही. मारू का?

आंबेवाला_खानापूर:
तिसरा फोटो फळमाशीचा, डोळे झाकून सांगतो. आमच्या आंब्याला लावतो तेच सापळे आणून टांग, चार दिवसांत डबा भरतो बघ.

रोपवाटिका_अण्णा:
माशी बरोबर ओळखलीत, सापळा मात्र चुकला. आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉलची वडी असते, तिच्याकडे वेलवर्गीय पिकाची माशी येत नाही. हिला क्यू ल्युर लागतं. एकरी आठ-दहा सापळे, म्हणजे तुमच्या 20 गुंठ्यांना चार-पाच पुरेत. पण त्यात नरच सापडतात. अंडी घालणारी मादी बाहेरच फिरते, म्हणून डबा भरला की काम झालं असं समजू नका. डंख बसलेली फळं रोज तोडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. बांधावर फेकलीत तर अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि नव्या माश्या तुमच्याच रानात उठतात.

मळेवाले, दोन डिंक एक समजू नका. फळावरचा थेंब मादीनं टोचलेल्या भोकातून येतो. त्या जागी फळ वाढत नाही, म्हणून ते वाकतं. खोडावरचा डिंक बुरशीचा. पहिला फोटो मोठा करून बघा, तपकिरी फटीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतील. ते दिसले तर डिंक्या. पावसाच्या शिंतोड्यानं तो शेजारच्या वेलावर जातो, वळवानंतर दिसायला लागला तो त्यामुळेच.

दुधीवाली_ताई:
माझ्या दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात, डिंक काही नाही. हाच रोग का? मी तर दोनदा ताक शिंपडलं.

रोपवाटिका_अण्णा:
ताई, सकाळी मधमाश्या येत नसतील तर परागीभवनच होत नाही आणि फळ तसंच गळतं. तरी फोटोशिवाय नक्की सांगत नाही.

चिकोडीचा_मळेवाला:
अण्णा, काळे ठिपके आहेत! वाकडी काकडी कापली, आत पांढऱ्या अळ्या, एक तर ताटलीतून उडी मारून पळाली. पानावरची भुकटी बोटाला लागते. मग गंधक मारू ना?

रोपवाटिका_अण्णा:
ती भुरी. गंधक भुरीवर चालतं, पण आत्ता एप्रिलच्या उन्हात नको. खरबुजाची पानं भर उन्हात गंधकानं करपतात आणि मग भुरी गेली की पान गेलं, कळत नाही. मारायचंच तर काकडीवर, संध्याकाळी, आणि आधी चार वेलांवर करून बघा. दुकानातल्या दुसऱ्या पुडीवर काय लिहिलंय?

चिकोडीचा_मळेवाला:
अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन.

रोपवाटिका_अण्णा:
तेच एकटं पुन्हापुन्हा मारलं की बुरशी त्याला सरावते, डिंक्यात हे झालेलं आहे. मध्ये मँकोझेबसारखं दुसऱ्या गटाचं घ्या. काकडी तुम्ही दिवसाआड तोडता, त्यामुळे तोडणी आणि फवारणीत किती दिवस ठेवायचे ते डब्यावर वाचा. कन्नड अडत असेल तर रयत संपर्क केंद्रात विचारा. आणि चौथ्या फोटोचं औषध एवढ्यात ठरवू नका. मान टाकलेला वेल बुडापासून वीतभर वर तिरका कापा. आतल्या नळ्या तपकिरी निघाल्या तर मर, पांढऱ्या निघाल्या तर डिंक्यानं बुड आवळलंय.

आंबेवाला_खानापूर:
मर असेल तर फवारणीचे पैसे पाण्यात. वेल उपटून टाकायचा, एवढंच.

चिकोडीचा_मळेवाला:
तीन कापले. दोन आतून स्वच्छ, तिसरा तपकिरी. आता?

रोपवाटिका_अण्णा:
तिसऱ्याला बुडाचा डाग वर चढलेला असू शकतो. तोच वेल आणखी फूटभर वर कापा. तिथंही रेघ असेल तर मर धरा. बी कुठलं होतं? या वाफ्यात आधी काय होतं?

चिकोडीचा_मळेवाला:
बी पाकिटातलंच. आधी कलिंगड होतं. त्याचे सुकलेले वेल मी मल्चिंगखाली तसेच गाडले होते...

रोपवाटिका_अण्णा:
डिंक्याची बुरशी तशा वेलांत टिकते. बियातूनही येते म्हणा, त्यामुळे दोष नक्की कुणाचा ते फोटोवरून सांगता येणार नाही. तिसरा वेल वर कापला की फोटो टाका.