अनुभव धागा: गच्चीला ठिगळ लावायचं की कोबा उखडून नव्याने करायचं?

मुलुंडचा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी १९८७ ची, तळमजला अधिक चार. गच्ची अंदाजे २५०० चौरस फूट, ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर चायना मोझाइक. चौथ्या मजल्यावरच्या तीन घरांत गळतं. दर मे महिन्यात कोणीतरी येऊन भेगा भरून जातो आणि जुलैत त्याच तीन घरांतून फोन येतात. या वेळी दोन कोटेशनं आलीत. एकात भेगा भरून वर कोटिंग, दुसऱ्यात सगळा कोबा काढून नवीन. दुसरं पहिल्याच्या जवळजवळ पाचपट आहे, त्यामुळे कमिटीत सरळ दोन तट पडलेत.

ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी सांगा: कशावरून घेतला? आता डागडुजीत अर्थ नाही हे कशावरून कळलं? कौलं, पत्रे, काहीही चालेल. कंपन्यांची नावं मात्र नकोत, नाहीतर धाग्याचा जाहिरातफलक होईल.

गोरेगाव_टॉप_फ्लोअर
आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गळती हॉलच्या कोपऱ्यात होती. जोराची सर आली की अर्ध्या तासात थेंब सुरू, पाऊस थांबला की थोड्या वेळात बंद. वर बघितलं तर बरोब्बर त्याच जागी पावसाच्या पाइपाचं तोंड, आणि त्याच्या कडेचं सिमेंट सुटलेलं. तेवढा भाग फोडून जोड नव्याने बसवला, जाळी बदलली, विषय संपला. पुढे कित्येक वर्षं तो कोपरा कोरडा होता. म्हणजे ठिगळ वाईटच असतं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

नंतरची गळती वेगळी निघाली. जून पूर्ण कोरडा जायचा, आम्ही खूश. जुलैच्या मध्यावर बेडरूमच्या पंख्याच्या हुकातून टिपूस सुरू व्हायचं आणि मग थांबायचंच नाही. गणपती झाले, नवरात्र झालं, ऑक्टोबरचं कडक ऊन पडलं तरी बादली तिथेच. वरची प्रत्येक भेग भरली होती, पण ज्या भेगेतून पाणी शिरतं तिच्याखालीच ते गळतं असं नसतं हे आमच्या कंत्राटदाराला पटत नव्हतं. तो आपला हुकाच्या वरची फरशी उचकटायचा.

शेवटी एप्रिलमध्ये कोबा फोडला. सहा महिने पावसाचा थेंब नाही, तरी मोझाइकखालच्या विटा ओल्या, हातात घेतल्या की बोटांना गाळ लागत होता. त्याच्या खाली काय सापडलं? आणखी एक कोबा! कधीतरी जुन्यावरच नवीन चढवला होता आणि आजच्या कमिटीत कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. दोन्ही काढले. गोण्या जिन्याने खाली, आणि डेब्रिजच्या ट्रकचं बिल वेगळं (कोटेशनमध्ये ते धरलंय का हे आधी बघा). स्लॅबच्या भेगा ग्राउट केल्या, मग नवीन कोबा, उतार पाइपांकडे, वर दोन आठवडे पाणी बांधून ठेवलं.

तरी पहिल्या पावसात कठड्याच्या कडेने ओल आलीच. भिंत आणि गच्ची मिळते तिथली गोलाई, वाटा म्हणतात ती, त्यांनी जेमतेम चार बोटं वर नेली होती आणि तिच्या वरचं कठड्याचं जुनं प्लास्टर फुटकं ते फुटकंच. दहा टक्के रक्कम पावसाळा संपेपर्यंत रोखली होती म्हणून माणूस परत आला. वाटा फूटभर वर चढवला, प्लास्टर बदललं. त्यानंतर शांत आहे.

बोरिवली_पश्चिम
एवढी तोडफोड कशाला करता लोकहो? आम्ही पांढरं इलॅस्टोमेरिक कोटिंग मारलं, तीन हात, मधे फायबरची जाळी. तीन पावसाळे झाले, एक थेंब नाही. शिवाय वरचा मजला थंड राहतो. ज्याला मोठं बिल करायचंय तोच कोबा फोडायला सांगतो. कोटिंग कोणत्याही गच्चीवर चालतं.

साइटवरचा_माणूस
सिव्हिलमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, बहुतेक दुरुस्तीच्याच कामात. बोरिवलीकरांचं कोटिंग चाललं कारण त्यांचा कोबा कोरडा आणि घट्ट असणार. तिथे ते उत्तमच. "कोणत्याही गच्चीवर" हे मात्र खरं नाही. गोरेगावच्या गच्चीवर मारलं असतं तर आतलं पाणी उन्हात वाफ होऊन वर यायला बघतं, कोटिंगला फोड येतात आणि ते फुटले की खालची ओल आहे तशीच.

सेक्रेटरीसाहेब, पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी करा.

एक, तिन्ही घरांना विचारा की गळती पावसानंतर किती वेळाने सुरू होते आणि किती दिवस टिकते. पटकन येते आणि पटकन जाते ती बहुधा एका जागेची असते: पाइपाचं तोंड, टाकीच्या पायाची भेग, केबलसाठी कोणी पाडलेलं भोक. उशिरा येते आणि पाऊस संपल्यावर आठवडेच्या आठवडे राहते, म्हणजे कोबाच पाणी साठवून बसलाय. वीट स्वतःच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज पिते.

दोन, सळईचा तुकडा घेऊन गच्चीभर दोन-दोन फुटांवर ठोकत फिरा. खणखणीत वाजलं तर कोबा खाली धरून आहे, भद्द वाजलं तर सुटलाय. पोकळ जागांना खडूने गोल करा. चार-दोन गोल निघाले तर तेवढंच काढून भरता येतं. अर्धी गच्ची गोलांनी भरली तर ठिगळ कुठे लावणार?

आणि कोब्यावर कोबा कधीच नको, कितीही स्वस्त पडला तरी. साडेचार इंचाचा कोबा चौरस फुटाला साधारण २० किलो भरतो. तुमच्या गच्चीवर आत्ताच ५० टन वजन आहे. माणसं, सामान वगैरेसाठी गच्चीचा स्लॅब चौरस फुटाला अंदाजे १४ किलो धरून डिझाइन करतात. दुसरा थर चढवलात की ती सगळी शिल्लक संपली, वर गळती आहे तिथेच.

नेहा_कांदिवली
आमचंही सेम! सातमजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर. बेडरूमच्या छताला पिवळा डाग आलाय, बारा महिने तेवढाच राहतो. सोसायटीला सांगितलं गच्ची करा, तर ऐकतच नाहीत. अर्ज कसा लिहायचा कोणी सांगेल का?

गोरेगाव_टॉप_फ्लोअर
नेहाताई, तुमच्या वर अजून चार मजले आहेत, गच्चीचं पाणी एवढं खाली यायचं नाही. बारा महिने सारखाच डाग म्हणजे वरच्या घरातलं बाथरूम किंवा नळाची लाइन बघा. वरच्यांना एक दिवस बाथरूम बंद ठेवायला सांगा, फरक कळेल.

नेहा_कांदिवली
वरचे म्हणतात आमचं बाथरूम नवीन केलंय 🙄 बघते.

मरोळ_गावठाण
आमचं घर आजोबांच्या वेळचं, मंगलोरी कौलांचं. कौलांत हा प्रश्न तसा सोपा असतो. फुटलं कौल की बदल, मेच्या शेवटी छप्पर चाळून घे, झालं. मांजरांच्या कृपेने दरवर्षी दोन-चार फुटतातच. पण आम्ही इतकी वर्षं कौलंच बघत राहिलो, लाकडाकडे लक्ष नव्हतं.

एकदा समोरच्या घराच्या गच्चीवरून बघितलं तर आढं मधे खाली आलेलं, सरळ रेषेऐवजी बाक. सुताराने वाशांच्या टोकांत, भिंतीवर टेकतात तिथे, स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग एकदम छान, आत वाळवीचा भुसा. मधले वासे सागवानी, ते ठणठणीत. कुजली ती फक्त टोकं आणि सगळ्या रिपा. कौलं उतरवून रिपा बदलल्या, निकामी वासे काढले, आढ्याला नवा तुकडा जोडला. बरीचशी कौलं मात्र तीच परत चढवली. बोटाने टिचकी मारून टण वाजलं ते ठेवलं, ज्याचे पापुद्रे सुटत होते ते टाकलं. हल्ली जुन्या साच्याचं कौल मिळवणं हीच खरी कटकट आहे, नवीन त्यात नीट बसत नाही.

मुलुंडचा_सेक्रेटरी
सगळ्यांचे आभार. रविवारी पोरांना घेऊन सळईने गच्ची ठोकली. टाकीच्या बाजूचा जवळजवळ सगळा भाग भद्द, पूर्वेकडची बाजू मात्र खणखणीत. तीनपैकी एका घराची गळती पावसाबरोबर येते आणि जाते, त्याच्या डोक्यावर पाइप आहे. उरलेली दोन दिवाळीपर्यंत गळतात. म्हणजे दोन्ही कोटेशनं अर्धी-अर्धी बरोबर निघाली म्हणायचं.

आता नवाच प्रश्न. त्या दोन घरांपैकी एकात स्वयंपाकघराच्या छताचा ढलपा पडलाय आणि दोन सळया दिसतात, गंजून सालपटं निघालेली. त्यात कमिटीतले एक काका म्हणतात, तीन-चार वर्षांत रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आत्ता लाखो रुपये गच्चीत कशाला घालायचे?

भांडुप_शेडवाले
काकांचं बरोबर आहे. पत्र्याची शेड टाका, मोकळे व्हा. आमच्याकडे शेड आल्यापासून कोब्याकडे कोणी बघितलंही नाही. रीडेव्हलपमेंटला पत्रे विकूनही येतात.

साइटवरचा_माणूस
शेडने पाणी थांबतं हे मान्य. पण परवानगी घ्या, नाहीतर नोटीस येते. आणि वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून खांब भक्कम धरावे लागतात. ते स्लॅबमध्ये भोकं पाडून रोवले तर नवीन गळतीची सोय झाली. कॉलमच्या डोक्यावर किंवा बीमवर घ्या. रीडेव्हलपमेंटचं मी काही बोलणार नाही. तीन वर्षांत होणार म्हणणाऱ्या सोसायट्या दहा वर्षं तशाच थांबलेल्याही बघितल्यात आणि दोन वर्षांत पाडलेल्याही.

त्या स्वयंपाकघराचं मात्र वेगळं आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. वरून पाणी बंद केलं तरी ती सळई बरी होत नाही. तिथल्या काँक्रीटचा थोडा भाग फोडून ताज्या जागी फिनॉल्फ्थॅलीन शिंपडतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आलाच नाही आणि सळईपर्यंत तसंच असेल, तर प्रश्न गच्चीचा उरत नाही, स्लॅबचा होतो. मग सळया घासून, ज्यांची जाडी फार गेलीय त्यांच्या जोडीला नवीन बांधून मायक्रोकाँक्रीट करायचं की तेवढा स्लॅब तोडून नवा घालायचा, हे स्ट्रक्चरल ऑडिटर ठरवेल. तुमची इमारत ३० वर्षांवरची आहे, ऑडिट तसंही करावंच लागतं. रिपोर्टमध्ये सी-१ आलं तर घरं खाली करावी लागतील, सी-२ए आलं तर काही भाग. सी-२बी आलं तर राहून दुरुस्ती करता येते.

बोरिवली_पश्चिम
म्हणजे कोटिंग पूर्वेच्या खणखणीत भागावर तरी चालेल ना?

साइटवरचा_माणूस
चालेल, पण टाकीकडचा कोबा काढून झाल्यावर, म्हणजे सांध्यावरही एकसलग जाईल.

मुलुंडचा_सेक्रेटरी
शनिवारी ऑडिटरला बोलावलंय. काकांना शेडच हवी आहे, मीटिंगमध्ये आवाज चढणार. गच्चीत पाणी भरून टेस्ट करायची का तोपर्यंत?

साइटवरचा_माणूस
नको. सळया उघड्या असलेल्या स्लॅबवर चार इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला अजून नऊ किलो. त्याऐवजी उद्याच त्या स्वयंपाकघरात लोखंडी टेकू लावून घ्या, खाली-वर फळी देऊन, आणि खालच्या मजल्यावरही त्याच जागी लावा, नाहीतर सगळा भार खालच्या स्लॅबच्या मधोमध येईल. त्या घरातल्यांना गॅसची शेगडी दुसऱ्या खोलीत हलवायला सांगा.