मुलाबाळाच्या प्रश्नांना उत्तर कोणी द्यायचे? तुमचे अनुभव लिहा

सायली_ना
परवा एका डोहाळजेवणात नात्यातल्या नव्या सुनेला "आता तुझा नंबर कधी?" असे विचारलेले ऐकले आणि आमची उपचारांची वर्षे आठवली. गर्भाशयात भ्रूण सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे थांबावे लागते. आमची तारीख नणंदेला ठाऊक असल्यामुळे त्या दिवसांत रोज सकाळी "काही कळलं का?" म्हणून फोन येई, आणि निकाल नकारात्मक आल्यावर तो घरोघरी कळवण्याचे कामही माझ्याच वाट्याला आले. पुढच्या वेळी आम्ही तारीख कोणालाही सांगितली नाही. नवरा एकटाच त्याच्या आत्यांकडे गेला आणि म्हणाला, "सांगण्यासारखं झालं की मीच फोन करेन. तोवर तिला नको, मला विचार." प्रश्न संपले नाहीत, पण माझ्यापर्यंत क्वचितच पोहोचू लागले. तुम्ही काय केलेत?

गोदाकाठ
लोकांचे बोलणे मनावर घेऊ नये, कारण ताणामुळेच गर्भ राहत नाही. माझ्या वहिनीने उपचार सोडले आणि सहा महिन्यांत तिला दिवस गेले.

मृद्गंध
मी वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशन करते. वहिनींचे ऐकून आनंद झाला, परंतु रोजच्या ताणामुळे आयव्हीएफ फसते, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. हे वाक्य ऐकलेल्या स्त्रिया निकालानंतर "मी रडले म्हणून असं झालं" असे म्हणत माझ्यासमोर बसतात, म्हणून कृपया ते कोणाला सांगू नका. सायलीताईंच्या घरी झाले तसे ज्याचे नातेवाईक त्यानेच बोलावे, असे मीही सुचवते. मात्र वाक्य दोघांनी आधी ठरवून घ्यावे आणि दर वेळी तेच म्हणावे, कारण नवे कारण दिले की त्यावर नवा सल्ला येतो.

दख्खन_८४
माझ्या वीर्यतपासणीत शुक्रजंतू कमी आढळले होते, तरी आई बायकोलाच उपासतापास करायला लावत होती. हळदीकुंकवाला तिची ओटी भरताना एक काकू थबकल्या, हे तिने मला रात्री सांगितले, तेव्हा मी आईला सगळे स्पष्ट सांगितले. उपास थांबले, पण आठवड्याभरात ती गोष्ट मावशीपर्यंत गेली आणि आता लग्नकार्यात लोक माझ्याकडे पाहून कुजबुजतात. तरीही बायकोवरचा बोल टळला, याचे मला समाधान आहे.

निळाई
आम्हा दोघांना मूल नकोच आहे. तसे सांगितले की लोक आमच्यात दोष असल्याचे गृहीत धरून डॉक्टरांचे नंबर पाठवतात. "सांगण्यासारखं झालं की सांगू" हे वाक्य आम्हाला उपयोगाचे नाही, कारण त्याने उगीच आशा लागून राहते.

सायली_ना
@दख्खन_८४, तुमच्या पत्नीला फार मोठा आधार मिळाला असेल. अहवाल कोणाचा ते न सांगता, "उपचार आम्हा दोघांचे चालू आहेत" एवढ्यावर आई थांबल्या असत्या का?

दख्खन_८४
नसत्या थांबल्या. आधी तेच सांगून पाहिले होते. दोघांचे म्हटले तरी आमच्या घरी ते बायकोचेच धरले जाते.

मृद्गंध
असे बऱ्याच घरांत होते. तरी अहवाल उघड करायचा की नाही, हे ज्याचा अहवाल त्यानेच ठरवावे. पत्नीने रागाच्या भरात तो सांगून टाकल्यामुळे दोघांत कायमची अढी बसल्याचेही मी पाहिले आहे.