मदत हवी आहे: करंट रेशो १.६ आहे, तरी बँक लिमिट का अडवते?

कृषीकेंद्र_दारव्हा: सीसी रिन्यूअलला टाकली आहे. करंट रेशो १.६ निघतो, पण बँकेतले म्हणतात क्विक रेशो ०.६५ आहे, लिमिट वाढणार नाही, उलट कमी होईल. देण्यापेक्षा येणं जास्त आहे तर अडचण कुठे? मृग तोंडावर आलाय, कंपनीला पैसे भरायचेत. लवकर सांगा.

हिशेबनीस: आकडे कुठे आहेत? ताळेबंद कोणत्या तारखेचा? माल किती, उधारी किती?

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, आधी सिबिल पाहून घ्या. माह्या पीककर्जाले असंच लटकवलं होतं, मागून समजलं का जुन्या कर्जाची नोंदच काढली नव्हती.

कृषीकेंद्र_दारव्हा: सिबिल चांगला आहे हो, प्रश्न तो नाहीच. ३१ मार्चचा ताळेबंद. माल १८ लाख, उधारी १२, रोख आणि बँकेत १, कंपनीकडे ॲडव्हान्स १, झाले ३२. देणी: सीसी १० आणि कंपन्यांचे १०, म्हणजे २०.

पांढरंसोनं: सोपं आहे. कंपन्यांचे ५ लाख देऊन टाका. देणी १५ राहतील, रेशो लगेच वर. आमचे सीए दर मार्चला हेच करायला लावतात.

हिशेबनीस: द्यायचे कुठून? रोख आहे १ लाख. सीसीतून दिले तर कंपनीचं देणं ५ ने कमी आणि बँकेचं ५ ने जास्त. बेरीज २० ची २०. रोख हाताशी असेल तरच तुमचा उपाय चालतो.

पांढरंसोनं: मग सीसी देण्यात धरायचीच कशाला? ती तर दरवर्षी फिरतेच.

निवृत्त_शाखाधिकारी: बँक केव्हाही परत मागू शकते, म्हणून धरायची. आणि सीसी धरूनच बँक साधारण १.३३ मागते. टंडन समितीच्या १९७५ च्या अहवालातल्या दुसऱ्या पद्धतीतून तो आकडा निघाला. दुकानातला माल आणि उधारी मिळून शंभर रुपये असतील, तर पंचवीस तरी मालकाच्या किंवा लांब मुदतीच्या पैशातून यावेत, असा हिशेब. त्या मोजपट्टीवर तुमचा १.६ पास आहे. आता दोन गोष्टी सांगा: १२ लाख उधारीत मागच्या खरिपाच्याही आधीची किती? आणि गाडीचं वगैरे कर्ज आहे का?

कृषीकेंद्र_दारव्हा: जुनी ७ लाख असेल. पण माणसं ओळखीची आहेत, बुडवणार नाहीत. पिकअपचं कर्ज आहे, पुढच्या वर्षभरात मुद्दलाचे २ लाख जातील. ते तर लांब मुदतीचं ना?

निवृत्त_शाखाधिकारी: कर्ज लांब मुदतीचं, पण वर्षभरात द्यायचे हप्ते चालू देण्यातच येतात. देणी २२ झाली. बुडवणार नाहीत हे मान्य, पण प्रश्न केव्हा देतात हा आहे. आपल्याकडे जून ते ऑगस्टची उधारी कापूस विकल्यावर, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येते. ३१ मार्चला वहीत उरते ती बहुतेक हंगाम होऊनही न आलेली. तुमचे ७ लाख तर दोन दिवाळ्या पाहून आलेत. ते काढले की ३२ चे २५ उरतात, आणि २५ भागिले २२ म्हणजे १.१४. क्विक रेशोत माल आणि ॲडव्हान्स धरत नाहीत. उरली ५ ची उधारी आणि १ रोख, म्हणजे ६ भागिले २२, जेमतेम ०.२७. बँकेनं ०.६५ म्हटलं, ते तुमची सगळी उधारी खरी धरून आणि गाडीचे हप्ते न धरता.

हिशेबनीस: साहेब, इथे थोडा विरोध आहे. क्विक रेशो उधारीला मालापेक्षा लवकर पैसा देणारी समजतो. कृषी केंद्रात उलटं असतं. खत जून-जुलैत रोखीनं निघून जातं. एप्रिलमध्ये ०.२७ दाखवून दुकान बुडालं म्हणणं अन्याय आहे.

निवृत्त_शाखाधिकारी: खतापुरतं बरोबर. पण १८ लाखांत खत किती? मुदत संपत आलेलं औषध आणि मागच्या हंगामातलं बियाणं असेल तर ते करंट रेशोतही धरू नका.

कृषीकेंद्र_दारव्हा: खत ११ लाख, औषध ४, बियाणं ३. औषधातलं निम्मं या सालात संपतं. जुनी उधारी आता वसूल करून देणी फेडली तर क्विक रेशो सुधारेल ना?

हिशेबनीस: ४ लाख वसूल करून देणी फेडा, बँकेच्याच आकड्यांवर. १३ चे ९ राहतात, २० चे १६. रेशो ०.५६, कमी झाला! एकाच्या खाली असला की असंच होतं. तरी वसूल कराच, कारण देणं खरंच कमी होतं. आकडा वर न्यायचा तर माल विकून देणं फेडा. ४ लाखांचा माल खरेदीभावातच काढला तरी १३ भागिले १६, म्हणजे ०.८१.

वऱ्हाडी_ठेचा: काहून विकता खत आत्ता? पाऊस पडला का लोक रांगेत उभे राहतात.

पांढरंसोनं: पाऊस पडला तर. मागं दुबार पेरणी झाली तेव्हा रांग उधारीचीच होती.

कृषीकेंद्र_दारव्हा: खत विकलं तर जूनमध्ये विकू काय? बँकेला खताचं महिनावार विक्री रजिस्टर दाखवलं तर ऐकतील का?

निवृत्त_शाखाधिकारी: दाखवा. दोन-तीन खरिपांचं, आणि सोबत उधारीची यादी किती जुनी किती, अशी पाडून. काही मॅनेजर ऐकतात. जुने ७ लाख मात्र यादीत वेगळेच ठेवा, ते बँक मोजणार नाहीच.